माठ घासला तरी आठ दिवसांत पुन्हा हिरवा, वरून पांढरा थर आणि कुबट वास: नेमकं कुठे चुकतंय ते शोधायची पद्धत

उन्हाळा आला की हाच प्रश्न दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, माठ घासला, मीठ लावलं, सोडा लावला, लिंबू फिरवलं, दोन-चार दिवस बरा राहिला आणि मग परत तेच. आणि उत्तरात परत मीठ-सोडा-लिंबूच सांगितलं जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण यात खरंतर तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत, हिरवं शेवाळ, पांढरा क्षार आणि वास, आणि तिघांचं कारण वेगळं आहे, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, उलट एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो.

आधी माठ बघायचा. धुवायच्या आधी. माठ जागेवरून हलवायच्या आधी खडूने त्याच्यावर खिडकीच्या बाजूला एक खूण करा आणि मग उचला. हिरवं जर खूण केलेल्या बाजूला जास्त असेल आणि भिंतीकडच्या बाजूला नसेल तर ते शेवाळच, कारण शेवाळाला उजेड लागतो. भिंतीकडे किंवा बुडाशी काळपट ठिपके असतील तर ती बुरशी, तिला उजेडाची गरज नाही, ओल आणि कोंदट हवा पुरते. पांढरं जे असतं ते बहुतेक वेळा माठाच्या बाहेरून, जिथे वारा जास्त लागतो तिथे, आणि पाण्याच्या पातळीच्या थोडं वर पट्ट्यासारखं येतं.

आता पांढऱ्यातसुद्धा दोन प्रकार. माठ पूर्ण वाळलेला असताना त्या थरावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक फसफस झाली तर तो चुन्यासारखा थर, म्हणजे जड पाण्यातला कॅल्शियमचा क्षार, हा साध्या पाण्याने कितीही घासा, जात नाही. फसफस झाली नाही आणि नुसत्या ओल्या बोटाने पुसलं की दिसेनासा होतो, वाळला की परत उगवतो, तर तो विरघळणारा मिठासारखा क्षार, जुन्या भिंतींना लोणा धरतो तोच प्रकार. बऱ्याच माठांवर दोन्ही असतात. आणि पांढरं जर कापसासारखं लुसलुशीत दिसत असेल तर तो क्षारच नाही, बुरशी आहे, त्याला हात लावून चव वगैरे बघू नका.

हा क्षार येतो कुठून, तर तुमच्या पाण्यातूनच. माठ गार कसा होतो, पाणी भिंतीतून झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. पण उडतं ते नुसतं पाणी, त्यातला क्षार भिंतीतच राहतो. हिशोब करून बघा. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९०० आहे, म्हणजे लिटरमागे ९०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार, आणि कोरड्या उन्हाळ्यात माठातून दिवसाला लिटरभर पाणी उडतंय. म्हणजे रोज जवळपास एक ग्रॅम, महिन्याला २७ ग्रॅम क्षार, चार-पाच छोटे चमचे मीठ माठाच्या अंगात आणि अंगावर. यात पाणी खराब आहे असं अजिबात नाही, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे ९०० चं पाणी लोक सर्रास पितात. पण माठाला ते झेपत नाही.

आणि इथेच ते मीठ-सोड्याचं. मीठ लावून घासलं की माठ ते मीठ पितो. खायचा सोडा लावला की तोही पितो. वरून कितीही धुतलं तरी भिंतीच्या आत गेलेलं चटकन बाहेर येत नाही, पुढच्या आठवड्यात पाण्याबरोबर झिरपत बाहेर येतं आणि तुम्ही म्हणता अरे परत पांढरं झालं. चुलीतल्या राखेचंही तेच, तिच्यातही विरघळणारे क्षार असतात. आजी राखेने घासायची हे खरं, पण आजीचा माठ आडाच्या नाहीतर नदीच्या पाण्याचा, दर साल नवा, आणि कुंभार गावातलाच. ज्याच्या माठावर पांढरं येत नाही त्याने मीठ-राख खुशाल वापरावी, ज्याच्या माठावर येतं त्याने नको. घासायला खरखरीत काहीतरी हवं असेल तर धुतलेली बारीक वाळू किंवा विटेची पूड घ्या, आणि नारळाची शेंडी किंवा काथ्याची घासणी. तारेची घासणी नको, तिच्या काड्या अडकतात आणि गंजतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून जो फेस काढतात तो बघायला छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, हातात उरतं ते जवळजवळ खारं पाणी.

साबण, भांड्याचं लिक्विड, ब्लीच, संडास साफ करायचं अ‍ॅसिड हे तर लांबच ठेवा. साबणाचा वास पाण्याला महिनाभर येतो. अ‍ॅसिडने माठातले चुन्याचे कण विरघळतात, भिंत पोकळ होते, आणि ते पाणी तुम्ही पिणार आहात.

आता एक खरी केस सांगते म्हणजे क्रम लक्षात येईल. माझी नणंद संभाजीनगरच्या बाहेरच्या बाजूला एका नव्या सोसायटीत राहते, अर्धं पाणी बोअरचं, अर्धं टँकरचं. माठ बाल्कनीच्या दारात, लोखंडी तिवईवर, खाली ट्रेमध्ये वाळू, वाळूवर चुंबळ, आणि माठाला गार राहावा म्हणून ओलं फडकं गुंडाळलेलं, नळाची तोटी बसवलेला माठ. तिचा फोन, "वहिनी, मी दर रविवारी घासते हो, तरी पाण्याला वास येतो, हे तर म्हणतात माठच फेकून दे." मी म्हटलं फेकू नको, आधी दोन कामं कर. रात्री ज्या पाण्याने माठ भरतेस तेच पाणी स्टीलच्या तांब्यात झाकून ठेव, सकाळी दोन्हीचा वास घे. आणि माठ रिकामा करून त्यात नाक घालून बघ, मग फडक्याचा वास घे, मग वाळूचा, मग तोटी काढून तिच्या आतल्या रबराचा.

तांब्यातल्या पाण्याला वास नव्हता, म्हणजे टाकीचं पाणी ठीक. (तांब्यातल्या पाण्यालाही वास आला असता तर माठ घासून उपयोग नव्हता, टाकी धुवायला लागली असती.) माठात वास थोडा. फडक्याला भयानक. ट्रेमधल्या वाळूला त्याहून वाईट, खालची वाळू काळी पडली होती आणि हाताला चिकट. आणि तोटीच्या रबरी वायसरवर तपकिरी बुळबुळीत थर. म्हणजे ती दर रविवारी घासत होती तो माठ, आणि वास होता माठाच्या आजूबाजूला. ही गोष्ट इतक्या घरांत बघितलीय की आता मी पहिला प्रश्नच विचारते, खाली काय आहे आणि वर काय गुंडाळलंय.

फडकं उकळून घेतलं, दोन फडकी केली, रोज बदलायची आणि निघालेलं उन्हात टाकायचं. वाळू फेकून दिली आणि परत घातलीच नाही, माठ सरळ तिवईवर ठेवला, म्हणजे बुडाला वारा लागतो आणि ठिबकणारं पाणी खालच्या ताटलीत पडतं, ते रोज झाडांना. ज्यांना वाळू हवीच आहे त्यांनी आठवड्याला धुवून उन्हात वाळवावी. तोटी पूर्ण खोलून वायसर नवीन टाकला, किराणा-हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो, जुना घासून परत बसवण्यात अर्थ नाही.

मग माठ. पहिली पायरी अशी आहे की ती सगळे उलटी करतात: आधी वाळवायचा, मग घासायचा. माठ रिकामा करून सावलीत, वाऱ्यावर, दोन विटांवर तिरका ठेवून वाळू द्या, एक-दोन दिवस जातील. वाळताना आतला क्षार पृष्ठभागावर येतो, पांढरं जास्तच दिसायला लागतं, घाबरू नका, हेच हवंय. मग कोरड्या ब्रशने, कोरडाच, झटकून काढा, खाली पेपर घाला. नणंदेने पेपरवर जमलेली पूड फोटो काढून पाठवली, मूठभर होती. आधीच ओला करून घासला असता तर यातलं निम्मं विरघळून परत भिंतीत गेलं असतं.

मग विरघळणारा क्षार काढायला माठ बादलीत किंवा टबमध्ये पूर्ण बुडवून ठेवायचा, रात्रभर, आणि पाणी दोन-तीनदा बदलायचं. इथे पाणी कमी क्षाराचं हवं, ज्या बोअरच्या पाण्याने थर आला त्याच पाण्यात बुडवून काय निघणार. पालिकेचं पाणी असेल तर ते, आरओचं शुद्ध पाणी असेल तर ते, पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी सगळ्यात भारी, पहिल्या सरी सोडून. आरओचं जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं ते मात्र नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

त्यानंतर फसफसणारा चुन्याचा थर. यासाठी लिंबूसत्त्व, एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, किंवा साधं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग. माठ ओला असतानाच लावायचं, कारण कोरडा माठ आंबट पाणी आत ओढून घेतो, ओला माठ आधीच पाण्याने भरलेला असल्यामुळे काम वरच्यावर होतं. फडकं भिजवून पांढऱ्या भागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, शेंडीने घासा, धुवा. नाही निघालं तर परत एकदा. दोनदा होऊन राहिलं ते राहू द्या, हट्टाने अर्धा तास भिजत ठेवलं की थराबरोबर माठाचा वरचा पापुद्राही सुटतो. हे सगळं बाहेरून. आतल्या बाजूला चुना दिसत असेल तर तिथेही चालतं पण मग माठ साध्या पाण्याने भरून ते ओतून द्यायचं, असं दोन-तीनदा, आंबटपणा गेला की नाही ते शेवटच्या पाण्याचा घोट घेऊन कळतंच.

आता शेवाळ. आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं तो जिवाणूंचा आणि शेवाळाचा थर, डोळ्याला हिरवं दिसायच्या आधी हाताला कळतो. वाळू आणि शेंडीने आतून घासायचा, गळ्याच्या आतल्या वळणावर आणि तोटीच्या भोकाभोवती खास, हात तिथे पोचत नाही म्हणून शेवाळ तिथूनच परत पसरतं, लाकडी काठीला शेंडी बांधली की जमतं. मग सोसवेल इतपत गरम पाणी, आधी कोमट मग जरा जास्त, भरून ठेवायचं. उकळतं पाणी गार माठात एकदम ओतू नका, तडकतो. आणि तडा कधीकधी दिसत नाही, नुसता थेंबथेंब गळायला लागतो आणि लोक समजतात माठ चांगला झिरपतोय.

घासूनही हिरवी छटा भिंतीत उरत असेल तर मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, हातमोजे घालून फडक्याने हिरव्या जागी लावा, बुडबुडे येतील, अर्ध्या तासाने धुवा. ब्लीचपेक्षा हे बरं कारण याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं, भिंतीत काही उरत नाही. तरी नंतर दोनदा भरून ओतून टाकायचं ते टाकायचंच.

आणि शेवटी परत वाळवणं, यावेळी कडक उन्हात, आणि इथेच सगळे घाई करतात. बाहेरून रंग फिका झाला म्हणजे वाळला असं नाही. माठाची भिंत जाड असते, मधली ओल तशीच राहते आणि तिथलं शेवाळ जिवंत राहतं, म्हणून तर आठ दिवसांत परत. बोटाच्या पेराने टकटक करा, वाळलेला माठ खणखणीत वाजतो, ओला बद्द वाजतो, बुडाशी पण वाजवून बघा कारण बूड जाड असतं आणि सगळ्यात शेवटी वाळतं. तोंड खाली करून जमिनीला चिकटवून ठेवू नका, आत हवा खेळत नाही, दोन विटांवर आडवा ठेवा आणि दिवसातून दोनदा फिरवा. मे महिन्यात दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात होतच नाही म्हणा ना.

तर मग रोजचं पाणी कशात ठेवायचं? म्हणूनच दोन माठ. मला विचाराल तर या सगळ्या पोस्टमधलं हेच कामाचं. एक वापरात, एक वाळत, आठवड्याने अदलाबदल. एकच माठ वर्षभर ओला ठेवून तो स्वच्छ राहील ही अपेक्षाच चुकीची आहे, तुम्ही काहीही लावा. नणंदेने दुसरा माठ घेतला, या वेळी बिनतोटीचा, ओगराळ्याने पाणी काढायचं, आणि जागा बाल्कनीच्या दारातून आत सरकवली, जिथे वारा येतो पण ऊन नाही. हिरवं येणं थांबलं. पांढरं थांबलं नाही, पाणी तेच आहे, पण आता ती अदलाबदलीच्या वेळी वाळलेला माठ कोरड्या ब्रशने झटकते, पाच मिनिटांचं काम.

दुसरी सवय म्हणजे वरून भर घालणं. अर्धा माठ उरला की लोक वरून पाणी ओततात, महिनोन् महिने तळाचं पाणी निघतच नाही. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं तेही माठात काही वेळाने संपतं, मग त्या पाण्याला राखण कुणाची नाही. दोन दिवसांनी एकदा पूर्ण रिकामा करा, आतून नुसत्या शेंडीने फिरवा आणि नवं भरा. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, शेवाळ मरत नाही.

साफ केल्यावर माठ परत गार करतोय का ते बघायचं असेल तर पूर्ण वाळलेला माठ भरा आणि दोन-चार तासांनी बघा. सगळीकडून सारखा गडद, ओलसर झाला तर छिद्रं मोकळी आहेत. मधेमधे फिके कोरडे पट्टे राहिले तर तिथे क्षाराने छिद्रं बुजलीत, परत एकदा बुडवून ठेवायचा प्रयोग करा. पण मुंबईत किंवा कोकणात बसून माठ गार होत नाही म्हणून त्याला दोष देऊ नका, दमट हवेत पाणी उडतच नाही, नागपूरचा माठ आणि रत्नागिरीचा माठ यांची बरोबरी होणार नाही. बाहेरून रंग किंवा पॉलिश मारलेले शोभेचे माठ तर कुठेच गार करत नाहीत, त्यांची छिद्रं दुकानातच बुजलेली असतात.

माठाचे आतून पोपडे निघायला लागले, हाताला पिठासारखी माती लागते, तर क्षाराने भिंत फोडायला सुरुवात केलीय, तो आता पिण्याच्या पाण्याला नको.

स्वयंपाकाच्या मातीच्या भांड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचा त्रास वेगळा. तवली किंवा मडकं कुबट होतं ते बहुतेक वेळा ओलं असताना झाकण लावून कपाटात ठेवल्यामुळे. बुरशीचे ठिपके घासून काढा, पाणी भरून अगदी मंद आचेवर हळूहळू गरम करा, ते पाणी ओता, मग उन्हात वाळवा, आणि ओव्हन असेल तर गार ओव्हनमध्येच ठेवून १५० अंशांवर तासभर, आणि आतच गार होऊ द्या. गरम भांडं काढून ओल्या ओट्यावर ठेवलं की गेलं. वास कुबट नसून खवट असेल, मासे-मटणाची तवली नेहमीच्या वापरातली असेल, तर ते तेल भिंतीत मुरून जुनं झालंय, त्याला ऊन पुरत नाही, ओव्हनची कोरडी उष्णता दोन-तीनदा द्यावी लागते आणि तरी थोडा वास राहतोच, म्हणून माशाची तवली वेगळी आणि दूध-भाताची वेगळी ठेवायची. कपाटात ठेवताना झाकण उलटं किंवा बाजूला, आत पेपरचा बोळा, आणि एकात एक घालून रचू नका.